गुरुवार कोणाचा

रविवारी दुपारी आजी आल्या त्या मोठी बॅग घेऊन. एका दिवसाच्या मुक्कामाला इतकी मोठी बॅग कशाला, हे दार उघडणाऱ्या बारक्याला विचारायचं होतं. पण आजींच्या मागे अप्पा, अप्पांच्या मागे आत्या आणि आत्याच्या हातात केकचा डबा, अशी सगळी वरात एकदम आत शिरली आणि प्रश्न तसाच राहून गेला.

बारक्या हा आजी-अप्पांचा धाकटा मुलगा, आत्याचा भाऊ आणि भिंगरीचा बाबा. उंचीने दाराच्या चौकटीला टेकायचा, तरी नाव बारक्याच राहिलं होतं. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत तो कामाला होता. त्याची बायको प्राण्यांच्या दवाखान्यात शस्त्रक्रिया करायची, त्यामुळे घरात तिला सगळे डॉक्टरच म्हणत. अप्पा तर स्वतःची पाठ धरली की तिलाच दाखवत आणि ती म्हणे, "अप्पा, तुम्हाला चार पाय असते तर मी नक्की सांगितलं असतं."

आज मात्र ती सोफ्यावर बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. खरं तर मोडून पुन्हा घालत होती, कारण त्या घड्या सकाळी बारक्याने घातल्या होत्या. आजींच्या नजरेतून ते सुटलं नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांची नोकरी झालेली. एका कानाने एकाचं ऐकत दुसऱ्याची लाइन जोडायची सवय त्यांना होती.

बारक्या स्वयंपाकघरात होता. तिथून थोड्या थोड्या वेळाने हाक यायची.

"नवीन मिठाची पुडी कुठे ठेवलीस?"

"वरच्या कप्प्यात, डावीकडे."

"भिंगरीला वाढायचं कशात?"

"निळ्या ताटलीत. बटाटे कुस्करून दे."

"सूपला उकळी आली. बंद करू?"

"कर."

पोराला बिचाऱ्याला कामाला जुंपलंय, असं आजींच्या मनात आलं. आपला मुलगा ओट्यापाशी उभा आणि सून सोफ्यावर बसून हुकूम सोडतेय. असं असूनही गुरुवारी पोरगी शाळेत एकटी राहिलीच. हे सगळं आजींनी मनातल्या मनात एकमेकाला जोडलं आणि आपण बॅग आणली ते बरंच केलं, असं त्यांना वाटलं.

गुरुवारची गोष्ट अशी होती. भिंगरी चार वर्षांची. त्या दिवशी बालवाडी सुटली, सगळी मुलं गेली, तरी तिला न्यायला कोणी आलं नाही. आईचा फोन लागेना, बाबांचा लागेना, म्हणून बाईंनी यादीतला तिसरा नंबर फिरवला. तो आजींचा. त्या दुसऱ्या गावी. तिथून त्या काय करणार? प्रयोगशाळेतल्या दुसऱ्या कोणाला तरी गाठून त्यांनी निरोप पोचवला, तेव्हा बारक्या धावत गेला. भिंगरी तोवर शाळेच्या शिपाईमावशींच्या मांडीवर बसून त्यांच्या डब्यातलं सफरचंद खात होती आणि घरी यायला तयार नव्हती.

जेवायला बसल्यावर आजींनी भिंगरीच्या तोंडात घास भरवला आणि सहज म्हणावं तसं म्हणाल्या, "मग उद्या सकाळच्या गाडीने निघू आम्ही. हिचे कपडे भरून ठेवलेत का?"

डॉक्टरचा चमचा वाटीतच थांबला. "कुठे निघायचं?"

आजींनी बारक्याकडे पाहिलं. बारक्याने सूपकडे पाहिलं.

"याने सांगितलं नाही तुला? मोठ्या शाळेत जाईपर्यंत भिंगरी आमच्याकडे राहील. वर्षाचा तर प्रश्न. मी घरीच असते, अप्पा असतात. तुम्ही दोघं कामाला मोकळे. शुक्रवारी फोनवर बोलणं झालं आमचं."

"मी 'बघू' म्हणालो होतो," बारक्या म्हणाला.

"तू बघू म्हणालास म्हणजे हो म्हणालास. जन्मापासून ओळखते तुला."

"मला आजीकडे झोका आहे," भिंगरीने माहिती पुरवली.

आत्या पेशाने वकील. समोर भांडण दिसलं की तिला खुर्चीत सरसावून बसायची सवय. "आईचं म्हणणं वाईट नाही," ती म्हणाली. "भावना बाजूला ठेवून बघा. तुमच्या दोघांच्या कामाचं काही खरं नसतं. तिथे दोन माणसं चोवीस तास रिकामी आहेत."

"मी रिकामा नाहीये," अप्पा म्हणाले. पण काय करतात ते त्यांना लगेच आठवेना, म्हणून त्यांनी पाव घेतला.

डॉक्टरने वाटी बाजूला सरकवली. तिचा आवाज अजिबात चढला नाही आणि बारक्याला त्याचीच जास्त भीती वाटली. "जरा आत येतोस?" ती म्हणाली.

स्वयंपाकघराचं दार नीट लागत नव्हतं. बिजागरी दुरुस्त करायचं काम कोणाचं, हेच ठरलं नव्हतं. बारक्याने दाराला पाठ लावली.

"माझ्या मुलीला वर्षभर पाठवायचं आणि मला जेवणाच्या टेबलावर कळतं," डॉक्टर म्हणाली.

"मी हो म्हटलं नव्हतं गं. आई रडत होती. मला तो फोन संपवायचा होता."

"म्हणजे तिचं रडणं थांबवायला तू माझी मुलगी देऊन टाकलीस."

"आपली," तो म्हणाला. मग त्यालाही राग आला, कारण गुरुवारपासून त्यानेही तो आत दाबून ठेवला होता. "आणि गुरुवारी तूच फोनवर लिहिलं होतंस, 'आज लवकर सुटते का बघते.' मला वाटलं तू आणणार."

"बघते म्हणजे बघते. नक्की असतं तर आणते म्हटलं असतं. त्या कुत्र्याने मोजा गिळला होता, त्याचं पोट फाडून मी उभी होते. आणि गुरुवार तुझा असतो."

"माझा असतो, पण तू मध्येच हात घातलास की मला कळत नाही तो माझा आहे की तुझा. सगळ्याच कामांचं तसं होतं. मी घड्या घालतो, तू मोडतेस. मी भिंगरीला आंघोळ घालतो, तू दारात उभी राहून कान नीट पूस म्हणतेस. मग मी विचारून करायला लागलो, तर विचारतो म्हणून तू चिडतेस."

डॉक्टर ओट्याला टेकली. हे तिला नवीन होतं. ती चिडते तेव्हा त्याला ते जाणवतं, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं तिने छान लपवलंय.

"तू विचारतोस ना," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा काम तू करतोस, पण लक्षात मी ठेवते. भिंगरीचे बूट कधी घट्ट होणार, लस कधी आहे, साबण किती उरलाय, शाळेत कुठल्या दिवशी पांढरे कपडे. मी कुत्र्याला टाके घालत असते आणि डोक्यात बूट असतात. मला हात नकोयत रे. हात माझ्याकडेही आहेत. माझ्या डोक्यातून काहीतरी कायमचं काढून घे."

"माझ्याही डोक्यात असतं. गाडीचं, विम्याचं, गॅसचं, घरमालकाचं, अप्पांच्या गोळ्यांचं. रात्री ती उठते तेव्हा उठतो कोण? तुला ते दिसत नाही, कारण तू झोपलेली असतेस."

डॉक्टरने त्याच्याकडे पाहिलं. रात्री भिंगरी उठते, हेच ती विसरून गेली होती.

"मग पुन्हा फळ्यावर लिहायचं का?" बारक्याने विचारलं. ते हसण्यावारी न्यायला म्हणाला होता, पण दोघांनाही हसू आलं नाही. मागच्या हिवाळ्यात त्यांनी फ्रीजशेजारी फळा टांगला होता. जो काम करील त्याने खूण करायची. आठवड्यातच बारक्या दिवा बदलून खूण करू लागला आणि डॉक्टर दूध तापवून. मग रडणाऱ्या पोरीला कडेवर घेऊन फिरण्याच्या खुणा किती, यावर एक संध्याकाळ भांडण झालं. महिनाअखेर दोघंही फळ्यासमोर कोर्टात उभं राहावं तसे उभे राहत आणि ज्याच्या खुणा कमी तो दुसऱ्याचं काम मुद्दाम हलकं ठरवी. शेवटी भिंगरीने फळ्यावर हत्ती काढला आणि दोघांनी सुटकेचा श्वास सोडला.

"फळा नको," डॉक्टर म्हणाली. "मोजायला लागलो की मला तू आवडेनासा होतोस."

दार ढकललं गेलं. बारक्या पुढे सरकला. ताटं घेऊन आत्या आली आणि तिच्या मागून आजी.

"बाहेर सगळं ऐकू येतंय," आत्या म्हणाली. "मी आईला म्हटलं, आपण निदान ऐकत नसल्यासारखं तरी करू. तिला जमेना. आणि हो, माझं मघाचं मत मी मागे घेते. बारक्याने बायकोला न विचारता शब्द दिला, तिथेच तो करार बाद."

"शब्द नाही दिला, बघू म्हणालो."

"गप रे."

आजी ओट्यापाशी गेल्या. नळ सोडून त्यांनी ताटं धुवायला घेतली. डॉक्टर म्हणाली, "आई, राहू द्या." आजी तशाच धूत राहिल्या आणि भिंतीकडे बघत बोलल्या.

"मी नोकरी करायचे तेव्हा यांचे दौरे असायचे. पंधरा पंधरा दिवस. घरी आले की म्हणायचे, काही मदत हवी तर सांग. मी कधी सांगितलं नाही. मला वाटायचं, दिसत नाही का? सांगावं कशाला लागतं? तुम्हा दोघांना पाळणाघरात सोडून, काम करून, परत येऊन पोळ्या लाटायचे आणि मनात म्हणायचे, आज तरी यांना दिसेल. लोक म्हणायचे, बाई किती सोशिक. मी सोशिक नव्हते. मी रागावलेली होते. अजून आहे. परवा यांनी चहाचा कप टेबलावर तसाच ठेवला, तर मला तीस वर्षांपूर्वीचा कप आठवला."

दारात अप्पा उभे होते. त्यांच्या हातात कप होता. ते तो ठेवायलाच आले होते आणि आता कुठे ठेवावा हे त्यांना कळत नव्हतं.

"तू कधी बोलली नाहीस," ते म्हणाले.

"तुम्ही कधी पाहिलं नाहीत."

नळ वाहतच होता. मग अप्पा आत आले, आजींना खांद्याने हलकेच बाजूला केलं आणि त्यांनी तो कप स्वतः विसळला. कपाच्या कानाला साबण तसाच राहिला. आजींचा हात पुढे झाला. डॉक्टरने तो मध्येच धरला.

"राहू द्या, आई," ती म्हणाली. "मीही हेच करते."

आजींनी सुनेकडे पाहिलं. मग अचानक हसल्या आणि हात मागे घेतला.

संध्याकाळी आत्या भिंगरीला बागेत घेऊन गेली. अप्पा झोपले. आजी खिडकीपाशी वर्तमानपत्र घेऊन बसल्या, पण पान काही उलटत नव्हत्या. समोर टेबलाशी मुलगा आणि सून चहा घेऊन बसले होते आणि आजींना वाटलं होतं त्यापेक्षा फारच साधं बोलत होते.

"अर्धं अर्धं नको," डॉक्टर म्हणत होती. "एक काम पूर्ण एकाचं. लक्षात ठेवणं, ठरवणं, करणं, सगळं. शाळा तुला देते. म्हणजे पांढरे कपडे, बाईंचे निरोप, डबा, आणणं, सोडणं. मी विचारणार नाही आणि तू मला विचारायचं नाहीस."

"आणि बूट?"

"बूट, कपडे, लस, दात माझ्याकडे. कपडे धुणं आणि घड्याही मीच घेते, मला त्या आवडतात. स्वयंपाक?"

"आठवड्याचा मी करतो. पण मग भाजी मी ठरवणार. तू फ्रीज उघडून 'हे काय आणलंस' म्हणायचं नाही."

"म्हणणार नाही. पण भिंगरीला रोज काहीतरी हिरवं मिळायला हवं. एवढं आधी ठरवू. बाकी कसं करायचं ते तुझं."

"चालेल. आंघोळीचं काय? कान पुसले म्हणजे झालं, की कानामागेही?"

डॉक्टरने विचार केला. "कानामागे तिला आठवड्यातून एकदा कोणीतरी बघितलं तरी पुरे," ती म्हणाली आणि हे बोलायला तिला किती जड गेलं, ते आजींना तिथूनही दिसलं.

"शनिवार सकाळ तुझी," बारक्या म्हणाला. "पोहायला जा नाहीतर झोप. आम्ही दोघं बाहेर असू. रविवार सकाळ माझी. मोकळा वेळ सारखा मिळाला की कोणी काय केलं ते मला मोजावंसं वाटणार नाही."

"आणि रात्रीचं उठणं?"

"ते राहू दे माझ्याकडे. मला पुन्हा झोप लागते. तुला लागत नाही."

"मला ते दिसत नव्हतं," डॉक्टर म्हणाली. "आता सांगते. थँक यू."

बारक्याने चहात बोट बुडवून बघितलं, गार झाला होता.

"दवाखान्यात मोठं काम निघालं तर?"

"तर सांगायचं. दुसऱ्याने 'घेतलं' म्हटल्याशिवाय काम आपलंच. बघते, बघतो, बघू, हे या घरात बंद. आणि जास्तीचं जे कोणी केलं, ते फेडायचं नाही. दर रविवारी चहाला बसू, पुढचा आठवडा कुणाला जड आहे ते बघून पुन्हा वाटू."

"बघून म्हणालीस."

"गप्प बस."

आजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. "मला काय देताय?" त्यांनी विचारलं.

दोघं वळले. आजींचा चेहरा गंभीर होता. "मदत नको असेल तर तसं सांगा. पण मला काही द्यायचं असेल तर पूर्ण द्या. मध्येच हात घालायचा नाही."

बारक्याने बायकोकडे पाहिलं. डॉक्टरच म्हणाली, "उन्हाळ्याच्या सुट्टीचे पहिले पंधरा दिवस. भिंगरी तुमच्याकडे. काय खाईल, कधी झोपेल, सगळं तुम्ही ठरवा. मी फोनवर कान पुसले का विचारणार नाही."

"आणि अप्पांनी निम्मं करायचं," बारक्या म्हणाला.

"निम्मं नाही," आजी म्हणाल्या. "पूर्ण. संध्याकाळचा स्वयंपाक त्यांचा. मी टीव्ही बघेन."

आतून अप्पांचा आवाज आला. ते झोपले नव्हते. "मला फक्त ऑम्लेट येतं."

"मग पंधरा दिवस ऑम्लेट," आजी म्हणाल्या.

सोमवारी सकाळी बॅग जशी आली तशीच रिकामी परत गेली.

पुढचे दिवस काही लोण्यासारखे गेले नाहीत. पहिल्याच आठवड्यात बारक्या पांढऱ्या कपड्यांचा दिवस विसरला आणि भिंगरी एकटी पिवळ्या फ्रॉकमध्ये गेली. डॉक्टरला ते आदल्या दिवशीच आठवलं होतं. जीभ दातांखाली धरून ती गप्प राहिली, आणि नंतर बारक्याला तेही सांगून टाकलं. तो भयंकर चिडला. "आठवलं होतं तर सांगायचंस ना." "मग शाळा पुन्हा माझ्या डोक्यात आली असती." तो दिवसभर फुगून बसला. पण त्या रात्री त्याने स्वतःच्या फोनमध्ये शाळेचे सगळे दिवस घालून ठेवले आणि नंतर काही विसरलं नाही. डॉक्टरकडे लस होती. ती तिने लांबवली, तेव्हा बारक्यानेही विचारलं नाही. तिची तीच दचकून उठली आणि दुसऱ्या दिवशी जाऊन देऊन आली.

मग एका गुरुवारी, ती मांजरीच्या मोडलेल्या पायात तार घालत असताना, दवाखान्यातल्या मुलीने फोन तिच्या कानाला लावला. शाळेच्या बाई होत्या. सवयीने त्यांनी आईला लावला होता. भिंगरीला ताप होता.

डॉक्टरचे हात मांजरीच्या पायावर होते. तोंडातून "निघते" बाहेर पडणार होतं. अगदी ओठांपर्यंत आलं होतं.

"आज तिचे बाबा येतात," ती म्हणाली. "कृपया त्यांना लावा. ते उचलतील."

फोन बंद झाल्यावर तिला मांजरीचा पाय क्षणभर दिसेनासा झाला. मग दिसला. तिने तार घातली, टाके घातले, मांजर शुद्धीवर येईपर्यंत थांबली. बारक्याचा एकच निरोप आला होता. "घेतलं."

ती घरी पोचली तेव्हा खिडकीत अजून उजेड होता. भिंगरी सोफ्यावर पांघरुणात होती. केस चिकटलेले, ताप उतरलेला. मुलांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते, औषधाची वेळ बारक्याला माहीत होती, उद्या तो घरी थांबणार हे त्याने प्रयोगशाळेत कळवलं होतं. ओट्यावर सूप तयार होतं. डॉक्टरला करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

ती खुर्चीत बसली. बारक्याने तिच्यासमोर वाटी ठेवली.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. तुम्हाला माझी गरज लागली नाही." ती हसली, पण डोळे भरले होते. "मला हेच हवं होतं. हवं होतं तेच मिळाल्यावर असं वाटेल हे माहीत नव्हतं."

बारक्या शेजारी बसला. "तिला मांडीवर घेऊन मी डॉक्टरांच्या दारात बसलो होतो ना, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, कुणाला विचारायचं नाहीये. घाबरलो होतो. पण माझी होती ती."

सोफ्यावर हालचाल झाली. भिंगरीने डोळे न उघडताच तोंड वाकडं केलं. पाणी मागायच्या आधी ती नेहमी तसं करायची. डॉक्टर अर्धवट उठली.

"बाबा," भिंगरी म्हणाली, "पाणी."

डॉक्टर परत बसली. बारक्या पाणी घेऊन गेला. तिने वाटी जवळ ओढली आणि कितीतरी दिवसांनी सूप गरम असताना प्यायली.